भाकरी फुगली, वजन तिथेच

ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४. तीन महिन्यांपूर्वी गहू आणि तांदूळ पूर्ण बंद केले. पूर्वी सकाळी चहा-पोळी, दुपारी तीन पोळ्या आणि वाटीभर भात, संध्याकाळी खारी, रात्री दोन पोळ्या आणि थोडा भात असायचा. आता सकाळी नाचणीचं सत्त्व दूध-गूळ घालून, दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, संध्याकाळी नाचणीची चार बिस्किटं, रात्री बाजरीची एक भाकरी आणि वर घरचं लोणी. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. तेव्हा मला भाकरी थापताही येत नव्हती, निम्म्या तुटायच्या. आता सुरेख टम्म फुगते, पण वजन तिथेच अडलंय, उलट ९०० ग्रॅम परत आले. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर भाकरीच खाल्ली, कुणाला पोट नव्हतं. मग माझंच काय चुकतंय? आणि मला थायरॉइडची गोळी चालू आहे, बाजरी खाल्लेली चालते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंत, फक्त ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. पहिल्या महिन्यात भाकरी तुटत होती म्हणून वजन उतरलं. ती जमायला लागली आणि उतरायचं थांबलं. ही थट्टा नव्हे. तुमचा हिशोब मांडून बसले तेव्हा मलाच हसू आलं, कारण आकडे अगदी जुळले.

आधी एक काम करा. उद्या भाकरीला बसाल तेव्हा एका भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हे हमखास करायला लावते, आणि काट्यावरचा आकडा पाहून जवळजवळ प्रत्येकीचा चेहरा एकच होतो. घरातली नेहमीची, ताटभर, हाताने थापलेली भाकरी ८० ते ९० ग्रॅम पिठाची निघते. माझी आई सोलापूरकडची. तिच्या एका भाकरीचं पीठ मी मोजलं तर ९२ ग्रॅम भरलं, वर ती म्हणाली, आज जरा लहानच झाली. घडीच्या पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, फुलक्याला त्याहूनही कमी. म्हणजे पिठाच्या मापाने तुमची एक भाकरी जवळपास तीन पोळ्यांएवढी आहे. मनात मात्र आपण 'दोनच भाकरी खाल्ल्या' असं मोजतो. तीन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी हा आकडा कमी वाटतो, आणि फसगत तिथेच होते.

आता ते पीठ आतून किती वेगळं आहे ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, मी आकडे त्यातलेच वापरते. १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत ३२० कॅलरी, नाचणीत तितक्याच, ज्वारीत ३३४, बाजरीत ३४८, पांढऱ्या तांदळात ३५६. बाजरीत तेल जास्त असतं, म्हणून ती गव्हाच्या थोडी वरच जाते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत फरक पस्तीस-छत्तीस कॅलरींचा, म्हणजे चमचाभर तेलापेक्षाही कमी. धान्य बदललं म्हणून चरबी वितळावी असं या आकड्यांत काहीच नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आपल्याकडे सरकारने 'श्री अन्न' असं नाव दिलं, आणि तेव्हापासून दुकानात प्रत्येक पाकिटावर कमरेला टेप लावलेली बाई दिसायला लागली. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ते वर्ष चांगलंच होतं. पाकिटावरच्या बाईशी त्याचा काही संबंध नाही.

तुमचं दुपारचं जेवण मांडते. पूर्वीची घडीची पोळी घ्या. कणकेच्या साधारण ९५ कॅलरी, आणि मोहन, घडीतलं आणि वरून लावलेलं मिळून तेल कमीत कमी चार ग्रॅम, त्याच्या ३५. म्हणजे एक पोळी १३०, तीन पोळ्या ३९०. वाटीभर शिजलेला भात, दीडशे ग्रॅम धरला तर १९५. एकूण ५८५. आता ज्वारीच्या दोन भाकरी, ८५ ग्रॅम पिठाच्या धरल्या तर एकीच्या २८४, दोघींच्या ५७० च्या आसपास. भाजी-आमटी तीच. तीन महिन्यांच्या निग्रहातून दुपारच्या ताटात १५ कॅलरी वाचल्या.

रात्रीही तेच. दोन पोळ्या आणि अर्धी वाटी भात हे ३६० होतं. बाजरीची एक भाकरी २९६ आणि वर दहा ग्रॅम लोणी, ७५, म्हणजे ३७०. लोण्याचा गोळा दहा ग्रॅमचाच होता का, ते तुम्हालाच ठाऊक. भाकरी गरम असेल तर तो वितळून आत जातो आणि मोजण्याआधीच गायब होतो.

पहिल्या महिन्यात भाकरी थापायला घेतली की फाटायची, दुसरी करायचा धीर उरायचा नाही, आणि तुम्ही एका भाकरीवर उठत होतात. दुपारी ५८५ च्या जागी २८४, म्हणजे रोज ३०० कॅलरी कमी. तीस दिवसांत ९०००. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात, तेव्हा सव्वा किलोच्या जवळपास चरबी खरोखर गेली असणार. उरलेलं पाऊण किलो पाणी होतं. आपण पिठूळ अन्न एकदम कमी केलं की स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर वापरली जाते, आणि त्या प्रत्येक ग्रॅमसोबत तिने धरून ठेवलेलं तीनेक ग्रॅम पाणीही निघून जातं. हात बसला, दुसरी भाकरी ताटात आली, आणि सगळ्यात आधी ते पाणी परत आलं. तुमच्या ९०० ग्रॅममधलं बरंचसं तेच आहे, त्यामुळे 'सगळी मेहनत गेली' असं समजू नका. जी चरबी गेली ती बहुतेक अजून गेलेलीच आहे. फक्त पुढची जात नाहीये.

सकाळच्या वाटीबद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. तुम्ही लिहिलंय 'सत्त्व', आणि सत्त्व कसं करतात ते तुम्हाला माहीत असेलच. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, चोथा बाजूला टाकायचा, आणि खाली बसलेलं पांढुरकं वाळवून डब्यात भरायचं. नाचणीचा कोंडा त्या चोथ्यात गेला. डब्यात राहिलं ते मुख्यतः पिष्ट. तान्ह्या बाळाच्या पोटाला कोंडा झेपत नाही, म्हणून आपल्या आज्यांनी ही युक्ती काढली आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. पण तुम्हाला हवा होता तो भाग नेमका तिथे टाकून दिला जातो. त्यात ते पातळ शिजवून, गूळ घालून प्यायचं, म्हणजे चावायचंही नाही. अशी बारीक, पातळ खीर रक्तातली साखर भराभर वर नेते आणि अकराच्या सुमाराला पुन्हा भूक लागते. गाळलेलं नसून नाचणीचं अख्खं पीठ असेल तर थोडं बरं, पण प्यायचं असेल तर फार बरं नाही. दूध, गूळ आणि तीन चमचे पीठ मिळून तीनशेच्या आत-बाहेर जातं. पूर्वीची चहा-पोळी दोनशेच्या आत होती. गुळाला साखरेपेक्षा वेगळं मोजायचं कारण नाही, पोट त्याला साखरच समजतं.

बिस्किटांचं पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यात जास्त. बहुतेक नाचणी बिस्किटांत पहिला मैदा किंवा कणीक, मग साखर, मग तेल, आणि नाचणी मागे कुठेतरी १५-२० टक्के. कॅलरी खारीच्याच घरातल्या. नाचणीचे चिप्स, ज्वारीचे तळलेले पफ, मल्टिग्रेन ब्रेड, सगळ्यांची हीच गत. ज्वारीच्या साध्या लाह्या वेगळ्या. त्या फुगून हलक्या झालेल्या असतात, मोठी वाटीभर घेतल्या तरी पीठ वीस ग्रॅमच जातं, फक्त फोडणीला तेलाची धार धरू नका.

मग भाकरीने काहीच बदलत नाही का? बदलतं, पण तुम्ही जिथे शोधताय तिथे नाही.

भात सोडून भाकरीवर आलात तर जेवणातला चोथा, म्हणजे फायबर, खरंच वाढतो. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमपेक्षा कमी, ज्वारी, बाजरी, नाचणीत दहा-अकरा. पण चाळणीने फार चाळली नसेल तर कणकेतही अकराच आहे. म्हणजे पोळी सोडून भाकरीवर येण्यात चोथ्याचा फायदा जवळपास शून्य. हे मी बोलते तेव्हा लोकांना पटत नाही, कारण गव्हाविरुद्ध सध्या हवा आहे. सीलिअॅक हा आजार असेल तर गहू पूर्ण टाळावाच लागतो. तुमच्याबाबतीत तसं काही दिसत नाही, तेव्हा गव्हाने तुमचं काही बिघडवलेलं नाही.

नाचणीत चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं प्रमाण खरंच डोळ्यांत भरण्यासारखं आहे. १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम. तांदळात दहाही नाही. तुमच्या वयात हाडांसाठी नाचणीची भाकरी आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावी, हे मी आनंदाने सांगेन. पण हाडं मजबूत होणं आणि कंबर बारीक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि भाकरी हळू जाते, तोंडातही आणि पोटातही. गरम असते, चावावी लागते, भाजीत बुडवून घास करावा लागतो. भात-वरण सात मिनिटांत संपतं, भाकरी-पिठल्याला पंधरा-वीस लागतात. आफ्रिकेतल्या माली देशात ज्वारी-बाजरीची घट्ट लापशी आणि भात यांची तुलना करणारा एक छोटा अभ्यास २०१८ मध्ये आला होता. लापशी पोटातून रिकामी व्हायला भातापेक्षा बराच जास्त वेळ लागत होता. तिथली माणसंही म्हणतात, हे खाल्लं की दिवसभर शेतात काम होतं. आपल्याकडच्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. खरा फायदा हा आहे, आणि तो वसूल करायचा तर भाकरी कमी खाऊनही पोट भरलेलं राहतं, याचा उपयोग करून घ्यावा लागतो. दोनही खाल्ल्या आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहिलं, तर त्यातून उरलं काय?

भाताबद्दलही एक सांगायचं आहे, कारण तुम्ही त्याला घराबाहेर काढलंय. शिजलेल्या भातात जवळपास ७० टक्के पाणी असतं. म्हणून मोजून घेतलेली एक वाटी भात, १९५ कॅलरी, तुमच्या एका मोठ्या भाकरीपेक्षा जवळपास ९० ने कमी आहे. भाताचं दुखणं वेगळं. तो वाटीने मोजला जात नाही, आमटी उरली म्हणून अजून थोडा घेतला जातो आणि दहीभातासाठी पुन्हा वाढला जातो. वाटी पाळता येत असेल तर भाताशी माझं भांडण नाही. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगणं मी तर केव्हाच बंद केलं. तिथे भाकरीसुद्धा तांदळाची असते आणि माणसं 'भाकरी खातो' असं सांगून मोकळी होतात.

भगरीचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. वरी पॉलिश केलेली असते, कोंडा गेलेला. उपवासाला शेंगदाण्याच्या आमटीसोबत ती ज्या मापाने खाल्ली जाते त्यात वजन कमी होण्याची आशा धरू नका.

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, मी खोडत नाही. फक्त त्यांना एकदा विचारा की भाकरीसोबत काय असायचं आणि दिवस कसा जायचा. पाणी शेंदणं, दळण, शेतातली खुरपणी, बाजाराला चालत जाणं. ताटात एक-दीड भाकरी, पातळ आमटी, ठेचा, कांदा, क्वचित ताक. संध्याकाळी बिस्किटाचा डबा नव्हता आणि भाजीत तेलही तळहातावर मोजून पडायचं. सणाला पुरणपोळी व्हायची, पण सण वर्षात किती? त्या सगळ्यातून आपण फक्त भाकरी उचलली आणि बाकीचं तिथेच ठेवलं.

आता काय करायचं ते सांगते, आणि तुम्ही काहीही 'बंद' करू नका.

भाकरी ५० ग्रॅम पिठाची करा. पहिले चार दिवस काट्यावर मोजा, मग ते पीठ घरातल्या कुठल्या वाटीत कुठवर येतं ते पाहून तीच वाटी पिठाच्या डब्यात टाकून द्या. काटा रोज काढत बसायची गरज नाही. ५० ग्रॅमची भाकरी वीतभर होते, आणि लहान भाकरी थापणं मोठीपेक्षा सोपं असतं, फक्त ती जाड ठेवायचा मोह होतो. उकळतं पाणी घालून पीठ थोडं वाफवून घेतलंत की चांगलं मळलं जातं आणि पातळ थापता येतं. पीठ जुनं झालं, विरी गेली, तर कितीही मळा, कडा फाटणारच, म्हणून आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. बाजरीचं तर त्याहूनही कमी, तिच्यातल्या तेलामुळे पीठ लवकर कडू होतं.

दुपारी अशा दोन भाकरी, ३३५ कॅलरी. किंवा एक भाकरी आणि अर्धी वाटी भात, त्याहूनही थोडं कमी. जागा रिकामी राहील, ती भरायची मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठलं, घट्ट वरण, अंडी किंवा मासे खात असाल तर ते, आणि वाडगाभर पालेभाजी किंवा कोशिंबीर. हे फक्त पोट भरायला नाही. ज्वारी-बाजरीतल्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, कडधान्यात तो भरपूर असतो. ज्वारीच्या भाकरीसोबत पिठलं आणि बाजरीसोबत उडदाचं घुटं का बसतं, त्याचं उत्तर यात आहे. वजन उतरताना चरबीऐवजी स्नायू जायला नकोत, तर हे प्रथिन रोज दोन्ही वेळा ताटात हवं. तुमच्या पत्रात मला उसळ एकदाही दिसली नाही, आणि भाकरी मोजण्याच्या खालोखाल मला खटकलं ते हेच.

रात्री एक भाकरी, लोणी हवं असेल तर एक छोटा चमचा, सपाट. सकाळी सत्त्वाऐवजी नाचणीच्या पिठाची जाड भाकरी किंवा घावन, सोबत अंडं, पनीर किंवा दाट दही. गूळ नाही. नाचणीचं आंबिल आवडत असेल तर ताकातलं, कांदा-जिरं घालून, न गोड करता, आणि तेही जेवणाच्या भाकरीच्या जागी धरा, वर म्हणून नाही. संध्याकाळी बिस्किटांऐवजी भाजलेले चणे मूठभर, किंवा लाह्या, किंवा फक्त चहा.

हे केलं तर दुपारी जुन्या जेवणापेक्षा अडीचशे वाचतात, रात्री लोणी न घेतल्यास दोनशेच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ मिळून आणखी शंभरेक. उसळ आणि दह्याचे दीडशे परत घाला. रोज ४०० च्या जवळपास तूट राहते. महिन्याला दीड किलोच्या आसपास उतरेल, कधी त्याहून कमी, कारण वजन उतरलं की शरीरही थोडं कमी खर्च करायला लागतं. याहून वेगाने उतरवायच्या भानगडीत पडू नका. आणि हेच सगळं तेवढ्याच पिठाच्या, तेल न लावलेल्या फुलक्यांवर केलंत तरी आकडा तोच येईल, हेही सांगून ठेवते. तुम्हाला भाकरी आवडायला लागली आहे म्हणून मी भाकरीवर हिशोब मांडला.

वजन रोज पाहून मन खट्टू करून घेऊ नका. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर काहीही न खाता-पिता. पाळीच्या आधीच्या आठवड्यात किलोभर पाणी सहज साठतं. लोणचं-पापडाने दुसऱ्या दिवशी अर्धा किलो वाढतो. म्हणून एका महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांच्या आकड्याशी ताडून पाहा. बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजा, श्वास सोडून, दर पंधरा दिवसांनी. काटा हलला नाही आणि टेप सेंटिमीटरभर खाली आली, तर चरबी जाते आहे. दोन्ही तीन आठवडे जागेवर असतील तर पुन्हा पिठाचा काटा काढा. माझा अनुभव असा की ५० ग्रॅमची भाकरी तिसऱ्या आठवड्यापर्यंत हळूच ६५ वर पोचलेली असते. कुणी लबाडी करत नाही, हातच मोठा होतो.

आता बाजरी आणि थायरॉइड. बाजरीत काही द्रव्यं आहेत जी थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, हे खरं आहे. पण ते दिसून आलं ते सुदानच्या दार्फूरसारख्या भागात, जिथे लोक जवळजवळ फक्त बाजरीवर जगत होते आणि अन्नात आयोडीन फार कमी होतं. तुम्ही आयोडीनयुक्त मीठ वापरता, बाजरी एक वेळची, आणि ग्रंथीचं कमी पडलेलं काम गोळी करते आहे. आठवड्यातून दोन-तीनदा बाजरी खायला माझी हरकत नाही. रोज रात्री नको, ज्वारीशी आलटून पालटून घ्या, आणि बाजरी तशीही थंडीतलीच खरी गोड लागते. उन्हाळ्यात ती बहुतेकींना उष्ण पडते, असं निदान त्या तरी सांगतात.

तुमच्यासाठी बाजरीपेक्षा सकाळची वेळ महत्त्वाची आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नाश्त्याआधी अर्धा ते एक तास जाऊ द्यायचा. दूध, नाचणी आणि कोंडा हे तिन्ही गोळी नीट शोषली जाऊ देत नाहीत. तुम्ही गोळी घेऊन लगेच दूध-सत्त्वाची वाटी पीत असाल, आणि बहुतेकजणी तसंच करतात, तर गोळीचा काही भाग वाया जातो आहे. सकाळचं दूध-सत्त्व आणि भाकरी तीन महिन्यांपूर्वी एकदम सुरू झाली, तेव्हा टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करून घ्या आणि सकाळचा बदललेला नाश्ता तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. कॅल्शियमची वेगळी गोळी घेत असाल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. टीएसएच वर गेलेला निघाला तर वजन अडण्याचं थोडं श्रेय त्यालाही द्यावं लागेल, आणि डोस ठरवणं हे त्यांचं काम, माझं नाही.